पौर्णिमेच्या व्हिडिओची स्क्रिप्ट: पंचशील, पुष्पपूजा आणि दीपपूजा नेमकी कशी मांडावी

आमच्या विहारासाठी केलेला पहिला पौर्णिमेचा व्हिडिओ मी आत्याला दाखवला. तिनं शेवटपर्यंत पाहिला, चष्मा काढून पदराला पुसला आणि विचारलं, "समदं बरं हाय रे बाळा, पण फूल वाहताना मागायचं काय?" सात मिनिटांच्या व्हिडिओत बुद्धांचं चरित्र होतं, बासरी होती, ड्रोनचा शॉट होता. फूल वाहताना काही मागायचं नसतं, एवढं एक वाक्य मात्र नव्हतं.

त्यानंतर इतरांच्या बऱ्याच स्क्रिप्ट तपासल्या. चुका ठरलेल्याच असतात. शील म्हणजे आज्ञा असल्यासारखं सांगितलेलं असतं, फूल-दिव्याची पूजा आरतीसारखी दाखवलेली असते, आणि गाथा एकीकडे तर दृश्य दुसरीकडे चाललेलं असतं. खाली आषाढ पौर्णिमेच्या साधारण पावणेसात मिनिटांच्या व्हिडिओचं उदाहरण घेऊन सगळा क्रम सांगतो. दुसऱ्या पौर्णिमेला फक्त सुरुवातीचं निवेदन बदलावं लागतं.

१. लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा

पहिली, पौर्णिमा कोणती. हे हास्यास्पद वाटेल, पण गेल्या वेळची फाइल उघडून तारीख बदलायची सवय अनेकांना असते, आणि मग आषाढ पौर्णिमेच्या व्हिडिओत "जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण" ऐकू येतं. तो मजकूर वैशाख पौर्णिमेचा. आषाढ पौर्णिमा सारनाथला पाच भिक्खूंना दिलेल्या पहिल्या उपदेशाची, आणि तिच्यापासून वर्षावास धरला जातो. स्क्रिप्टमध्ये यावर एकच वाक्य लिहा. इथे रमलात की शील आणि पूजेला वेळ उरत नाही.

तिथीचंही पाहून घ्या. २०२४ मध्ये आषाढ पौर्णिमा २० जुलैच्या संध्याकाळी लागली आणि २१ जुलैला दुपारी संपली. कॅलेंडरवर पौर्णिमा २१ ला होती, विहारातला कार्यक्रमही त्याच दिवशी. त्या रात्री "आज पौर्णिमेचा चंद्र उगवला आहे" असं म्हणणारा निवेदक खरं तर प्रतिपदेला बोलत होता. म्हणून निवेदनात "आज रात्री" नको, "या पौर्णिमेला" म्हणा.

दुसरी गोष्ट, पंचशील की अष्टशील. घरी बसून पाहणाऱ्या सर्वांसाठी व्हिडिओ असेल तर पंचशीलच घ्या. उपोसथ पाळणाऱ्यांसाठी अष्टशीलाचा उल्लेख करायचा असेल तर "पाच अधिक तीन" असं मात्र लिहू नका. अष्टशीलात तिसरं शील बदलतं. "कामेसु मिच्छाचारा"च्या जागी "अब्रह्मचरिया" येतं, म्हणजे त्या दिवसापुरतं पूर्ण ब्रह्मचर्य. एवढा फरक सांगून बाकीचं विहारात भंतेजींकडून घ्या असं सुचवणं पुरे.

तिसरी गोष्ट, बोलणार कोण. कॅमेऱ्यासमोर भंतेजी असतील तर सुरुवातीची याचना येते: "ओकास, अहं भन्ते, तिसरणेन सह पंचसीलं धम्मं याचामि". समोर भंतेजी नसून तुम्ही किंवा एखादी उपासिका निवेदन करणार असाल तर ही ओळ गाळा. ती भिक्खूंना उद्देशून आहे. निवेदकानंच याचना करायची आणि निवेदकानंच शील द्यायचं, हे विचित्र दिसतं. अशा वेळी "नमो तस्स" तीनदा, मग त्रिसरण, मग पंचशील, असं सरळ म्हणावं आणि पाहणाऱ्यांना सोबत म्हणायला सांगावं.

*तपासा:* पानाच्या डोक्यावर पौर्णिमेचं नाव, "पंचशील" आणि बोलणाऱ्याची भूमिका, या तीन गोष्टी लिहिल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका.

२. आधी गाथांची वेळ मोजा, मग निवेदन लिहा

बहुतेक जण उलट करतात. दोन पानं निवेदन लिहून होतं आणि मग गाथा कोंबाव्या लागतात, म्हणून निवेदक त्या घाईनं उरकतो. गाथा हा व्हिडिओचा कणा आहे. मोबाइलवर नेहमीच्या चालीत त्या म्हणून घड्याळ लावा. आमच्या विहाराच्या चालीत, मागून म्हणून न घेता, "नमो तस्स", त्रिसरण आणि पंचशील मिळून दीड मिनिट लागतं. फुलांच्या दोन गाथांना चाळीस सेकंद, दिव्याच्या एका गाथेला वीस. तुमची चाल संथ असेल तर आकडे वाढतील, म्हणून स्वतःचेच मोजा.

शांतपणे वाचलं तर मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११० शब्द होतं. त्यावरून आमचा हिशेब असा बसला:

- सुरुवात: ३० सेकंद, साधारण ५५ शब्द
- त्रिसरण आणि पंचशील, फक्त पठण: दीड मिनिट
- पाच शीलांचा अर्थ: सव्वादोन मिनिटं, प्रत्येकी ५० शब्दांच्या आत
- पुष्पपूजा, गाथा धरून: सव्वा मिनिट
- दीपपूजा, गाथा धरून: ५० सेकंद
- समारोप: २० सेकंद

एका शीलाला पन्नास शब्द कमी वाटतात. पण याच मर्यादेमुळे स्क्रिप्टचं प्रवचन होत नाही.

३. शीलाचं वाक्य: आज्ञा नाही, स्वतःचा स्वीकार

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश पाहू. पाचही शीलांचा साचा एकच आहे. पहिलंच घ्या: "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि". "पाणातिपाता" म्हणजे प्राण घेण्यापासून, इथे पंचमी आहे. "वेरमणी" म्हणजे दूर राहणं, विरत होणं. "सिक्खापदं" म्हणजे शिकण्याचा, सरावाचा नियम. आणि "समादियामि" म्हणजे मी स्वीकारतो. क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. इथे कोणी कुणाला हुकूम देत नाही.

म्हणजे "हिंसा करू नका", "चोरी करू नका" अशी पाटी पडद्यावर झळकवली की शीलाचा अर्थच उलटतो. "शपथ घेतो" हा शब्दही मी टाळतो. शपथ मोडली की संपली. सिक्खापदाचं तसं नाही. पाऊल घसरलं तरी पुढच्या वेळी तेच शील पुन्हा ग्रहण करायचं असतं, म्हणूनच दर वंदनेला ते म्हटलं जातं.

मराठीत आणखी एक खोच आहे. "ग्रहण करतो" म्हटलं की ऐकणाऱ्या बाया बाजूला पडतात. लिहिताना "करतो/करते" चालतं, बोलताना तिरकी रेघ उच्चारता येत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे "ग्रहण करीत आहे". पुरुषानं म्हणा, बाईनं म्हणा, वाक्य तेच राहतं.

नमुन्यादाखल दुसऱ्या शीलाचं निवेदन:

> दृश्य: किराणा दुकानाचा गल्ला. दुकानदार चुकून शंभराची नोट जास्त परत देतो. गिऱ्हाईक थांबतं, नोट परत करतं.
> निवेदन: अदिन्नादाना. अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. जे मला कुणी दिलेलं नाही, ते घेण्यापासून दूर राहण्याचा नियम मी ग्रहण करीत आहे. कुलूप फोडणं तर यात आलंच. पण समोरच्याच्या चुकीनं हातात आलेली नोट? तीही त्यानं दिलेली नाही.

मूळ शब्द उलगडला की अर्थ आपोआप मोठा होतो. "चोरी" म्हटलं की पाहणारा म्हणतो, मी कुठे चोर आहे? "न दिलेलं" म्हटलं की तो खिसा चाचपतो.

पाचव्या शीलाचंही असंच आहे. "सुरा-मेरय-मज्ज-पमादट्ठाना" यातले पहिले तीन शब्द मादक पेयांचे. वजन शेवटच्या शब्दावर आहे: पमाद म्हणजे बेसावधपणा, ठान म्हणजे त्याचं ठिकाण, कारण. नशेनं माणूस बेसावध होतो आणि बेसावध माणसाच्या हातून उरलेली चारही शीलं सुटतात, एवढंच सांगा. "सर्व व्यसनांपासून दूर राहा" असं गुळगुळीत वाक्य घातलं की पमाद हा मुख्य शब्द हरवतो. तिसऱ्या शीलाला घरातली लहान मुलंही सोबत पाहत असतात म्हणून अनेक जण ते पटकन गुंडाळतात. गुंडाळू नका. "जोडीदाराशी प्रामाणिक राहीन, कुणावर जबरदस्ती करणार नाही" इतकं साधं वाक्य सगळ्यांसमोर बोलता येतं.

सावधान: मराठी जीभ पाली शब्द नकळत संस्कृतात नेते. "धम्मं सरणं"चं "धर्मं शरणं" होतं, "दुतियम्पि"चं "द्वितीयम्पि". पालीत श आणि ष नाहीत. दुसरी अडचण जोडाक्षरांची: "सिक्खापदं"चं "सिखापदं" होतं. निवेदकाच्या प्रतीत शब्द तोडून लिहा: सिक्-खापदं, मिच्-छाचारा, पमादट्-ठाना. श्वास घ्यायच्या जागी उभी रेघ मारा. पडद्यावरच्या ओळीत मात्र शब्द अखंड ठेवा.

*तपासा:* पाचही निवेदनांत "करू नका" हे शब्द शोधा. एकदाही सापडता कामा नयेत.

४. पुष्पपूजा: गाथा आणि हात एका वेळी

कार्यक्रमात काय होतं? मान्यवर आधीच हार-फुलं वाहून, मेणबत्ती-अगरबत्ती लावून मोकळे होतात आणि सगळे बसल्यावर गाथा म्हटल्या जातात. समोर सगळं दिसत असल्यामुळे तिथे ते खटकत नाही. व्हिडिओत मात्र "वण्णगन्ध" सुरू असताना पडद्यावर बसलेली मंडळी दिसतात, आणि जिला काहीच ठाऊक नाही तिला कळत नाही की ही ओळ फुलांची आहे. म्हणून स्क्रिप्टमध्ये गाथेची ओळ आणि हाताची हालचाल जोडून लिहा. आमचं पान असं होतं:

> दृश्य: ओंजळीत तगरीची फुलं, छातीशी धरलेली. मागे बुद्धमूर्ती किंचित धूसर.
> गाथा: वण्णगन्धगुणोपेतं एतं कुसुमसन्ततिं।
> दृश्य: ओंजळ पुढे जाते. दुसऱ्या ओळीच्या "सिरीपाद" या शब्दावर फुलं पायांशी ठेवली जातात.
> गाथा: पूजयामि मुनिन्दस्स सिरीपादसरोरुहे॥
> दृश्य: हात जोडलेले, स्थिर.
> गाथा: पूजेमि बुद्धं कुसुमेन नेन, पुञ्ञेन मेतेन च होतु मोक्खं।
> दृश्य: त्याच जागी, तीच फुलं, कडा तपकिरी झालेली.
> गाथा: पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं॥

शेवटच्या ओळीचा अर्थ असा: हे फूल जसं कोमेजतं, तसं माझं शरीरही नाशाकडे जातं. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. फूल वाहणं म्हणजे काही मागणं नाही. जे डोळ्यांदेखत सुकणार आहे ते हातात घेऊन आपणही तसेच आहोत हे आठवणं आहे. निवेदन तीन वाक्यांत संपवा. "होतु मोक्खं"चा अर्थ सांगताना "दुःखातून मुक्ती" म्हणा. नुसतं "मोक्ष" लिहिलं की ऐकणारा आत्मा आणि स्वर्ग यांच्याकडे वळतो.

याच ओळीमुळे प्लॅस्टिकची फुलं बाद होतात. ती मिलायाति होत नाहीत. महागडा हारही नको. तगर अंगणात फुकट मिळते आणि संध्याकाळपर्यंत मान टाकते, आपल्याला तेच हवं आहे. कोमेजलेल्या फुलांचा शॉट घ्यायचा तर आदल्या दिवशीच फुलं ठेवावी लागतात. त्या दिवशी मोबाइल स्टँडवर जिथे होता तिथे जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर दोन शॉट जुळत नाहीत. पहिल्यांदा मी खूण केली नव्हती. ताजी फुलं डावीकडे आणि सुकलेली मधोमध आली, आणि पाहणाऱ्यांना वाटलं कुणीतरी जुनी फुलं उचलायला विसरलं.

बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालायचा असेल तर तो गाथा सुरू होण्याआधी घाला आणि निवेदनात साध्या शब्दांत अभिवादन करा. "मुनिन्दस्स" हा शब्द बुद्धांसाठी आहे. त्या वेळी कॅमेरा बुद्धमूर्तीवरच राहू द्या.

५. दीपपूजा: ज्योत ओवाळायची नाही

> गाथा: घनसारप्पदित्तेन दीपेन तमधंसिना।
> तिलोकदीपं सम्बुद्धं पूजयामि तमोनुदं॥

घनसार म्हणजे कापूर. अंधार घालवणाऱ्या या तेजस्वी दिव्यानं, तिन्ही लोकांचा दीप असलेल्या, अज्ञानाचा अंधार दूर करणाऱ्या सम्यक् संबुद्धाची मी पूजा करतो, असा अर्थ. गाथेत कापूर आहे म्हणून कापूरच हवा असं नाही. मेणबत्ती किंवा तेलाची पणती चालते, आणि हे निवेदनात सांगून टाका. कारण कुणीतरी नक्की विचारतं.

इथली ठरलेली चूक संपादनाच्या टेबलावर होते. दिव्याचा चांगला शॉट हाताशी नसतो, म्हणून संपादक इंटरनेटवरून "दिवा" शोधतो आणि फिरणारं आरतीचं ताट, मागे घंटा, कुंकवाची बोटं असलेला तुकडा लावतो. आपल्या दीपपूजेत ज्योत ओवाळत नाहीत. ती लावायची, मूर्तीसमोर ठेवायची आणि हात जोडायचे. स्क्रिप्टमध्ये "दिवा दिसतो" एवढंच लिहिलं तर चूक संपादकाची नव्हे, तुमचीच. "मेणबत्ती स्थिर, ओवाळणं नाही" असं स्पष्ट लिहा.

वेळही जुळवावी लागते. काडी ओढून वात पेटायला चार-पाच सेकंद, गाथेला वीस. वात पेटली की मग "घनसार" सुरू करा. संपूर्ण गाथा ज्योतीवर जाऊ द्या आणि "तमोनुदं"ला हात जोडलेले दिसू द्या.

चित्रीकरणात ज्योत पांढरा गोळा दिसते, कारण मोबाइल अंधारी भिंत पाहून उजेड वाढवतो. पडद्यावर ज्योतीच्या जागी बोट दाबून धरा, उजेड तिथेच कुलूपबंद होतो, मग तो किंचित खाली ओढा. पंखा बंद. खोली पूर्ण अंधारी करू नका, एका बाजूची खिडकी उघडी ठेवा. आषाढातला ढगाळ उजेड यासाठी फार चांगला.

सावधान: मूर्तीवरचं चीवर, मागचा पडदा आणि ओढणी, तिन्हीपासून ज्योत हातभर लांब. शॉट चांगला येतोय म्हणून कुणी मेणबत्ती पुढे सरकवत असेल तर आधी चीवर काढून ठेवा.

६. आवाज आणि संगीत

उपोसथ पाळणाऱ्यांच्या सातव्या शीलात नाच, गाणं, वाद्य आणि तमाशे पाहण्यापासून दूर राहणं येतं. तुमचा व्हिडिओ त्याच दिवशी तीच माणसं पाहणार. म्हणून पार्श्वसंगीत नको असं माझं मत आहे. पावसाचा आवाज, काडी ओढल्याचा आवाज आणि गाथा पुरतात. याच शीलात माळा आणि गंध स्वतःच्या अंगावर घालणंही येतं, त्यामुळे "मग फुलं का वाहायची?" असा प्रश्न येतो. स्वतः नटण्यासाठी माळ आणि पूजेसाठी फूल या वेगळ्या गोष्टी आहेत. अष्टशीलाचा उल्लेख केला असेल तर हे एक वाक्य तिथेच जोडा.

गाथा प्राचीन आहेत, पण एखाद्या गायकानं गायलेलं ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं असतं. ते उचललंत तर यूट्यूबवर दावा येऊ शकतो. विहारातल्याच दोन-तीन जणांच्या आवाजात रेकॉर्ड करा. पंखा, फ्रिज, मिक्सर बंद करून, पहाटे.

७. शेवटचं वाचन

स्क्रिप्ट पूर्ण झाली की स्वतः वाचू नका. ज्याला वंदना पाठ नाही अशा माणसाला मोठ्यानं वाचायला द्या. तो जिथे अडखळतो तिथे शब्द तोडून लिहा. पुढच्या वाचनात पडद्याकडे न पाहता फक्त ऐका, आणि मग आवाज बंद करून फक्त दृश्यांचा क्रम वाचा. दृश्यं पाहून फूल आधी की दिवा आधी, आणि ते कुठे ठेवलं, हे कळत नसेल तर स्क्रिप्टमध्ये हालचाल लिहायची राहिली आहे. व्हिडिओ आदल्या संध्याकाळी चढवा, म्हणजे पौर्णिमेला सकाळच्या वंदनेआधी घरोघरी पोहोचतो.

मी दुसरी प्रत पुन्हा आत्याला दाखवली. सुकलेल्या तगरीपाशी तिनं मोबाइल थांबवला. "आता समजलं. पण ही सुकलेली फुलं तशीच ठेवायची का रे मग?" स्क्रिप्टमध्ये तेही नव्हतं. समारोपाच्या वीस सेकंदांत दोन वाक्यं वाढवली आणि सुरुवातीतून तेवढीच कापली:

> दृश्य: हात सुकलेली फुलं उचलून अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी मातीत ठेवतात.
> निवेदन: दुसऱ्या दिवशी सकाळी सुकलेली फुलं काढून झाडाच्या मुळाशी घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नदीत सोडू नका.